पैसा दाखवायचा नसतो, सांगायचा असतो

ऑगस्ट 2021 मधली एक गोष्ट आमच्या किनाऱ्यावर अजून रंगवून सांगतात. मुरब्याच्या एका नाखव्याच्या जाळ्यात दीडशेच्या वर घोळ मासे एकदम लागले आणि लिलावात त्यांचे 1 कोटी 33 लाख रुपये आले. घोळीच्या पोटातल्या बोताला, म्हणजे हवेच्या पिशवीला, परदेशात मोठा भाव असतो, म्हणून ही किंमत. सगळ्या वाहिन्यांवर बातमी झाली.

मुरबं आमच्या नवापूरपासून जवळच. बातमी ऐकून गावातल्या प्रत्येकाने मनातल्या मनात आपली होडी दुरुस्त केली, नवं जाळं घेतलं, घरावर मजला चढवला. मी बोईसरला एका सीएच्या ऑफिसात काम करतो, त्यामुळे माझ्या डोक्यात भलताच विचार आला. समजा, या माणसाने महिन्याभराने परदेशातल्या मुलाला भेटायला जायचं ठरवलं असतं आणि बातमी कधीच छापून आली नसती. व्हिसाच्या अर्जासोबत त्याने बँकेचं स्टेटमेंट जोडलं असतं. तिकडच्या अधिकाऱ्याला काय दिसलं असतं? जून आणि जुलै कोरडे, ऑगस्टच्या अखेरीपर्यंत जेमतेम शिल्लक, आणि मग एकदम कोटीचा आकडा.

त्या अधिकाऱ्याला घोळ माहीत नाही. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते हेही माहीत नाही. त्याच्यापुढे आहे ती एक तारीख, एक रक्कम आणि बँकेच्या संगणकाने छापलेली चार अक्षरं. भाड्याने आणलेला पैसाही स्टेटमेंटवर नेमका असाच दिसतो.

माझं म्हणणं सगळं इथेच आहे. खऱ्या पैशाचा आणि खोट्या पैशाचा आकार स्टेटमेंटवर एकच असतो. फरक असतो तो फक्त मागच्या कागदांत आणि ते कागद जोडून सांगितलेल्या गोष्टीत. आणि आपण, बोईसर-पालघर पट्ट्यातली परदेशी निघालेली पोरं, नेमकी हीच गोष्ट सांगायची टाळतो. कुणी ती लाजेने टाळतं, कुणी तोऱ्यात, पण बहुतेक जण एजंटने सांगितलं म्हणून.

हे मी शहाणपणाने बोलत नाही. माझ्या मामेबहिणीची फाईल मीच बिघडवली होती.

*

मामाची बोट आहे, डोल जाळ्याची. बोंबील, करंदी, मिळेल ते. बहीण बीएस्सी झाली आणि तिला कॅनडातल्या एका कॉलेजात जानेवारी 2026 साठी प्रवेश मिळाला. अर्धी फी, 8,000 डॉलर, आधीच भरली होती. उरलेली अर्धी फी, विमानाचं भाडं आणि वर्षभराचा राहण्याचा खर्च दाखवायचा होता. 1 सप्टेंबर 2025 पासून कॅनडाने हा राहण्याचा खर्च एका विद्यार्थ्यासाठी 22,895 डॉलर ठरवला आहे. आपल्या पैशात साधारण 14 लाख. सगळं मिळून 20 लाखांच्या आसपास.

मामाच्या खात्यात होते 1 लाख 20 हजार. म्हणजे घर गरीब होतं असं नाही. मामीचं सोनं होतं, सोसायटीत नाव होतं, एक मुदत ठेव होती, आणि पावसाळ्याच्या तोंडाशी विकलेल्या सुक्या बोंबलाची रोकड कपाटात होती. आमच्याकडे पैसा असाच राहतो, चार ठिकाणी, चार रूपांत. खातं ही त्यातली सगळ्यात रिकामी जागा.

एजंटचं ऑफिस बोईसर स्टेशनपासून पाच मिनिटांवर. त्याने पहिल्याच भेटीत मामाला दोन पर्याय दिले. एक, 20 लाख तोच 'लावून' देईल, महिन्याभरासाठी, ठरलेल्या टक्क्याने. मामा म्हणाला, नको, आमचे आहेत. मग दुसरा, "तुमचे तर तुमचे, खात्यात आणा. पैसा फक्त दाखवायचा असतो. 28 दिवस राहिला की झालं."

हे 28 दिवस ब्रिटनचे. तिथल्या स्टुडंट व्हिसासाठी लागणारी रक्कम सलग 28 दिवस खात्यात असावी लागते, आणि तो नियम पैसा किती काळ होता याबद्दल आहे. तो कुठून आला याचं उत्तर त्यात नाही. कॅनडाच्या यादीत मागच्या चार महिन्यांचं स्टेटमेंट मागतात. चार महिने मागतात ते शिल्लक बघायला नव्हे, त्यासाठी शेवटची ओळ पुरेशी होती. पैसा कसा येतो-जातो ते बघायला मागतात. मला हे कळायला हवं होतं. रोज लोकांची स्टेटमेंटं बघणं हाच माझा धंदा. पण घरच्या कामात आपण डोकं घरी ठेवून जातो.

ऑगस्टमध्ये मामाच्या खात्यात आलेले पैसे असे.

4 ते 13 ऑगस्ट, बँक उघडी असलेल्या आठ दिवसांत रोज 49,000 रोख. एकूण 3 लाख 92 हजार. सुक्या बोंबलाचे.

18 ऑगस्टला मुदत ठेव मोडून व्याजासह 5 लाख 38 हजार.

20 ऑगस्टला मामीचं सोनं गहाण ठेवून 6 लाख 50 हजार.

25 ऑगस्टला, गणपतीच्या दोन दिवस आधी, आत्याच्या यजमानांकडून 4 लाख.

तीन आठवड्यांत 19 लाख 80 हजार. आधीचे धरून बरोबर 21 लाख. यातला एकही रुपया चोरीचा नाही. तरीही ही यादी परत एकदा अनोळखी माणसाच्या नजरेने वाचून बघा.

रोज 49,000 का? कारण 50 हजारांच्या वर रोख भरली की पॅन मागतात, आणि पॅन दिलं की इन्कम टॅक्सची नोटीस येते, असं गावात प्रत्येकाला वाटतं. मामाचं पॅन खात्याला जोडलेलं होतं. तो रिटर्नही भरतो. वर्षभरात बचत खात्यात 10 लाखांच्या वर रोख भरली तर बँक ते आयकर खात्याला कळवते, आणि मामा त्याच्या आसपासही नव्हता. एका दिवशी सरळ 3 लाख 92 हजार भरले असते तर एक प्रश्न पडला असता. आठ तुकडे केले म्हणून दोन पडले. हा पैसा आला कुठून, आणि हा माणूस कुणापासून लपवतोय?

चार लाखांचं काय करायचं ते एजंटने सांगितलं. "उसने आहेत म्हणू नका, कर्ज दिसतं. गिफ्ट डीड करा." स्टँप पेपरवरचा मजकूर मी टाईप केला. प्रेमापोटी, राजीखुशीने, परत न घेण्याच्या अटीवर. तारीख टाकली 10 सप्टेंबर. पैसे आले 25 ऑगस्टला. आत्याचे यजमान तारापूर एमआयडीसीत एका कारखान्यात सुपरवायझर. त्यांचं स्टेटमेंट जोडलं तर त्यात आदल्याच दिवशी त्यांच्या खात्यात 4 लाख आलेले दिसत होते, त्यांनी ते सोसायटीतून कर्ज काढून आणले होते. मी ते पाहिलं आणि पुढचं पान उलटलं.

सोन्याच्या कर्जाबद्दल आम्ही काहीच लिहिलं नाही. एजंट म्हणाला, विचारलं तर सांगू.

*

कुणी विचारलं नाही.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात नकार आला. सोबत अधिकाऱ्याचं टिपण होतं. पाचसहा ओळींचं. पूर्वीची शिल्लक कमी. अर्जाच्या आधीच्या काळात थोड्या दिवसांत मोठ्या रकमा जमा. रोख रकमांचा उगम दाखवलेला नाही. भेट देणाऱ्याची ऐपत स्पष्ट नाही. हा पैसा अर्जदाराला शिक्षणासाठी खरोखर उपलब्ध राहील, असं मला पटलेलं नाही.

मामाला मी ते मराठीत वाचून दाखवलं. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "चोरी केली का रे आम्ही?"

हा प्रश्न मी त्यानंतर अनेक घरांत ऐकला आहे आणि दरवेळी तो बरोबर वाटतो. पण तो चुकीच्या माणसाला विचारलेला असतो. अधिकाऱ्याने चोरी म्हटलेलंच नव्हतं. त्याने म्हटलं होतं, मला पटलं नाही. या दोन वाक्यांमध्ये जे अंतर आहे ते समजून घेतल्याशिवाय या विषयात एक पाऊलही पुढे जाता येत नाही.

पैसा पुरेसा आहे हे सिद्ध करायची जबाबदारी अर्जदाराची असते. कॅनडाच्या न्यायालयांनी हे वारंवार सांगितलं आहे. अधिकारी फक्त आकडा बघून थांबायला बांधील नाही, तो पैशाचा उगम आणि टिकाऊपणाही बघू शकतो. तुम्ही खोटं बोलताय किंवा कागद बनावट आहे असा त्याला संशय असेल, तर न्यायाची अपेक्षा अशी की त्याने तुम्हाला बोलायची संधी द्यावी. पण तुमचा पुरावा नुसता अपुरा असेल, तर त्याने तुम्हाला पत्र लिहून परत विचारलंच पाहिजे असं बंधन नाही. तो नकार देतो आणि पुढची फाईल उघडतो.

म्हणजे 'विचारलं तर सांगू' हे वाक्यच बिनकामाचं आहे. इथे प्रश्न विचारलाच जात नाही. उत्तर आधी द्यायचं असतं. साक्षीदाराला न बोलावता निकाल लागणारं हे कोर्ट आहे, त्यामुळे साक्ष फाईलमध्ये शिवूनच पाठवावी लागते.

मला या पद्धतीचा राग येत नाही असं समजू नका. ही पद्धत पगारदार माणसाच्या मापाने शिवलेली आहे. महिन्याच्या एक तारखेला सारखी रक्कम येते, थोडी खर्च होते, थोडी उरते, चार वर्षांत हळूहळू टेकडी तयार होते. असं खातं असणाऱ्याला कुणी काही विचारत नाही. आमचा पैसा भरती-ओहोटीसारखा येतो. दोन महिने काही नाही, मग एका आठवड्यात सगळं. शेतकऱ्याचा तसाच येतो, वीटभट्टीवाल्याचा तसाच, भूसंपादनात जमीन गेलेल्याचा तर आयुष्यात एकदाच येतो. दोन पानी नकार आणि टिपण लिहायला वेळ मिळतो, तर एका ओळीचा प्रश्न पाठवायलाही मिळायला हवा. फी परत मिळत नाही, अभ्यासक्रमाचं सत्र जातं, आणि समोरच्याने एकदा विचारलं असतं तर दाखवता आले असते असे कागद घरात पडून राहतात. हा अन्याय आहे आणि तो अन्याय आहे असं म्हटलंच पाहिजे.

पण अन्यायाच्या रागाचं आपण काय करतो? त्याचं लायसन्स करतो. ते आपल्याला समजून घेत नाहीत ना, मग आपणही त्यांना हवं तसं चित्र काढून देऊ. उसन्याला भेट म्हणू. कर्जाला बचत म्हणू. रोख तुकड्यांत भरू. आणि इथेच आपण आपल्या खऱ्या पैशाला खोट्याचे कपडे घालतो. मामाच्या 21 लाखांपैकी 17 लाख संपूर्णपणे समजावता येण्यासारखे होते. मी टाईप केलेल्या त्या एका पानाने उरलेल्या 4 लाखांसोबत त्या 17 लाखांवरही सावली पाडली.

नशीब इतकंच की अधिकाऱ्याने त्या भेटपत्राला खोटी माहिती ठरवलं नाही. ठरवलं असतं तर कॅनडाच्या कायद्यात त्याची शिक्षा पाच वर्षांची बंदी आहे. बावीस वर्षांच्या मुलीची पाच वर्षं. स्टँप पेपर पाचशेचा होता.

*

दुसऱ्या अर्जाची तयारी आम्ही डिसेंबरात सुरू केली, मे 2026 च्या सत्रासाठी. एजंट म्हणाला, आता तर सोपं आहे. फेब्रुवारीत अर्ज केला की चार महिन्यांच्या स्टेटमेंटमध्ये ऑगस्ट येतच नाही. पैसा आता जुना झाला. गप्प बसा.

ऐकायला किती छान. पण पहिली फाईल कुठे जात नाही. ती त्यांच्या संगणकात त्याच नावाखाली असते, आणि नव्या अधिकाऱ्याला जुनं टिपण दिसतं. ज्या प्रश्नावर नकार आला तो प्रश्न पाहिलाच नाही असं दाखवून दुसरा अर्ज करणं म्हणजे त्याच दगडावर परत पाय आपटणं. म्हणून आम्ही स्टेटमेंट मे 2025 पासूनचं जोडलं. ऑगस्ट लपवला नाही, वर आणून ठेवला.

मग एकेका रकमेमागे गेलो. याचा नियम एकच आहे. पैसा खात्यात आला त्याच्या एक पाऊल मागे जायचं, आणि तिथेही उत्तर मिळालं नाही तर आणखी एक पाऊल.

मुदत ठेव सगळ्यात सोपी. ठेवीची पावती, ती केव्हा ठेवली त्याची तारीख, मोडल्याचा दाखला. ठेव 2021 ची होती. हा एक कागद पहिल्या फाईलमध्ये असता तर 5 लाख 38 हजारांचा प्रश्न तेव्हाच संपला असता. तो घरात होता, लोखंडी कपाटात, रेशन कार्डाच्या पिशवीत.

सोन्याचं कर्ज. इथे लाज आडवी येते. सोनं गहाण ठेवलं हे घराबाहेर कुणी बोलत नाही आणि ते इंग्रजीत लिहून परक्या देशाला कळवायचं म्हटल्यावर मामीने मान फिरवली. पण गहाण ठेवायला सोनं होतं हाच घराच्या ऐपतीचा पुरावा आहे. कर्ज मंजुरीचं पत्र, तारणाची पावती, त्यावर दागिन्यांचं वजन आणि किंमत. सोबत हेही लिहिलं की हे कर्ज आहे, याचे हप्ते महिन्याला इतके आणि ते बोटीच्या उत्पन्नातून जातात. नोव्हेंबर ते जानेवारीचे हप्ते गेलेले स्टेटमेंटवर दिसतच होते.

रोख रक्कम सगळ्यात अवघड, कारण रोकडीला मागचं पाऊल नसतं. ते बाहेरून बांधावं लागतं. मामाच्या बोटीचं नोंदणी प्रमाणपत्र आणि मासेमारी परवाना. मच्छीमार सोसायटीतली डिझेल आणि बर्फाची वर्षभराची नोंद, कारण एवढं डिझेल जाळणारी बोट मासे धरते हे न सांगता कळतं. सुकी मासळी घेणाऱ्या व्यापाऱ्याचं सहीचं पत्र, किती माल, कोणत्या महिन्यात, किती रक्कम. वलांडीवर सुकणाऱ्या बोंबलांचे दोन फोटो. आणि मामाचं आयकर रिटर्न, त्यात वर्षाची उलाढाल 42 लाख. त्या उलाढालीत 3 लाख 92 हजारांची सुकी मासळी सहज बसते.

इथे एक मर्यादा स्पष्ट सांगितली पाहिजे. हे जमलं कारण मामाचं रिटर्न आधीच भरलेलं होतं आणि त्यात हा धंदा होता. मासेमारीचं उत्पन्न शेतीसारखं करमुक्त नाही, हे किनाऱ्यावरच्या पुष्कळ घरांना ठाऊकच नसतं. ज्याच्या रिटर्नमध्ये धंदाच नाही त्याने व्हिसाच्या पत्रात धंद्याची रोकड लिहिली, तर तो एका सरकारला एक गोष्ट सांगतोय आणि दुसऱ्याला दुसरी. अशा रोकडीला कुठलंही पत्र वाचवत नाही. ती फाईलच्या बाहेर ठेवणं आणि पुढच्या वर्षीपासून हिशोब सरळ करणं, एवढाच मार्ग उरतो. जमिनीच्या मोबदल्याचं बरोबर उलट असतं. 2013 च्या भूसंपादन कायद्याखालचा मोबदला करमुक्त आहे, त्यामुळे रिटर्नमध्ये उत्पन्न चार लाख आणि खात्यात जमा चाळीस लाख, असं अगदी कायदेशीरपणे दिसू शकतं. तिथे निवाड्याची प्रत, संपादनाआधीचा आणि नंतरचा सातबारा आणि रक्कम जमा झाल्याची ओळ, हे तिन्ही एकत्र ठेवावे लागतात. आमच्या जिल्ह्यात बुलेट ट्रेन आणि महामार्गांसाठी जमिनी गेलेल्या किती घरांत हा निवाडा नीट ठेवलेला आहे, हे ज्याने त्याने आपल्या कपाटाला विचारावं.

आणि आठ तुकडे? ते आता जोडता येत नव्हते. त्यांचं कारण आम्ही जसं होतं तसं लिहिलं. 50 हजारांच्या वर भरलं तर त्रास होतो असा चुकीचा समज होता, पॅन खात्याला आधीपासून जोडलेलं आहे, ही त्याची प्रत. बस. स्वतःचं अज्ञान लिहून देताना मामा हसला. म्हणाला, "अडाणी म्हणून घेणं चोर म्हणून घेण्यापेक्षा बरं."

उरले 4 लाख. त्यांच्यासाठी कितीही चांगलं पत्र लिहिता आलं असतं, पण ते पैसे उसने होते. म्हणून ते नोव्हेंबरातच बँकेतून परत केले आणि पत्रात लिहिलं की ती रक्कम भेट नव्हती, उसनी होती, सल्ल्यावरून चुकीचा कागद केला गेला, रक्कम परत केली आहे आणि ती या अर्जात धरलेली नाही. हे वाक्य लिहिताना माझा हात थरथरला. आपण होऊन चूक कबूल करणं धोक्याचं असतं आणि अशा वेळी जाणत्या वकिलाला विचारूनच पाऊल टाकावं, आम्हीही विचारलं. पण तेच खोटं दुसऱ्यांदा पाठवणं हा त्याहून मोठा धोका होता. त्या रकमेच्या जागी राष्ट्रीयीकृत बँकेचं साडेसात लाखांचं शैक्षणिक कर्ज आलं. एवढ्या रकमेपर्यंत बँका सहसा तारण मागत नाहीत, आईबापांना सहकर्जदार करतात. हे पहिल्यांदाच का केलं नाही? एजंट म्हणाला होता, कर्ज दाखवू नका. शिक्षणासाठी बँकेने तपासून दिलेलं कर्ज हा तर सगळ्यात स्वच्छ पैसा, त्याच्या कपाळावरच त्याचा उगम लिहिलेला असतो.

हे सगळं एका पानाच्या तक्त्यात बसवलं. तारीख, रक्कम, कुणाकडून, कशाबद्दल, पुरावा कोणत्या पानावर. एक ओळ उदाहरणादाखल: 18 ऑगस्ट 2025, 5,38,000, स्वतःची मुदत ठेव, शिक्षणासाठी मुदतीआधी मोडली, पाने 11 ते 13. तक्त्यावर मामाच्या सहीचं पत्र, तेही एकाच पानाचं. मराठी कागदांसोबत प्रमाणित भाषांतर. भावनिक वाक्य एकही नाही. फाईल बघायला अधिकाऱ्याकडे थोडा वेळ असतो, तेवढ्यात त्याचं बोट तारखेवरून पुराव्याच्या पानावर गेलं पाहिजे.

एप्रिलमध्ये व्हिसा आला. पत्रामुळे आला, असं मी म्हणणार नाही. नकाराचं कारण लिहितात, मंजुरीचं कुणी लिहीत नाही. कदाचित कर्जामुळे आला असेल, कदाचित वेगळ्या अधिकाऱ्यामुळे. मला एवढंच माहीत आहे की या वेळी फाईलमध्ये असं एकही पान नव्हतं जे उलटताना मला नजर चोरावी लागली.

*

माझं भांडण एका वाक्याशी आहे. 'पैसा फक्त दाखवायचा असतो.' बोईसर-पालघरमध्ये हे वाक्य चहाच्या टपरीवरसुद्धा ऐकू येतं. या वाक्याने भाड्याच्या पैशाचा धंदा उभा केला आहे, आणि त्या धंद्याची किंमत भाडं घेणारा एकटा देत नाही. एकाच छापाची शंभर स्टेटमेंटं ज्या टेबलावर गेली, तिथे एकशेएकावं स्टेटमेंट एखाद्या खऱ्या नाखव्याचं असलं तरी तेही त्याच छापाचं दिसतं. ज्या दिवशी आपल्या शेजाऱ्याने वीस लाख 'लावून' घेतले, त्या दिवशी त्याने तुमच्या आईच्या सोन्यावरही संशय लावून ठेवला. गावात त्याला हुशार म्हणतात.

आमच्या समुद्रात एमआयडीसीचं सांडपाणी येतं, त्याची तक्रार हरित लवादापर्यंत गेली. जाळ्यात पूर्वीसारखं लागत नाही हे मामा रोज सांगतो. त्यामुळे पोरं जाणार, आणखी जाणार. बोट विकून जातील, जमीन विकून जातील, सोनं ठेवून जातील. ते पैसे खात्यात एकदमच येणार, कारण बोट हप्त्याहप्त्याने विकता येत नाही. मोठी जमा होणारच आहे. तिची लाज बाळगायचं कारण नाही आणि तिला वेष द्यायचंही नाही.

बहीण निघाली त्या दिवशी मामीने तिच्या पिशवीत सुके बोंबील भरायला घेतले, चार पदरी प्लास्टिकमध्ये. मी म्हटलं, मामी, विमानतळावर विचारतील, जाहीर करावं लागेल. मामा ओसरीवरून म्हणाला, "मग लिही की फॉर्मवर. बोंबील, नवापूरचे, आमच्याच बोटीचे."